नकाशाचा मराठी तर्जुमा आणि मीटरमधली मापं: खानापूर तालुक्यातील ३०' × ४०' प्लॉटवरचं घर

तुम्ही पाठवलेल्या फोटोतला नकाशा आम्ही वाचून, मराठीत उतरवून आणि मीटरमध्ये बदलून देत आहोत. खोल्यांची नावं कानडीत आहेत आणि मापं फूट-इंचांत. कागद चार घड्या घातलेला आहे आणि फोटो जरा तिरका आला आहे. म्हणून फोटोवर पट्टी ठेवून एकही माप काढलेलं नाही. जे आकडे लिहिलेले आहेत तेच घेतले आहेत. फोटोतल्या लांबीवरून तुम्हीही अंदाज करू नका. या फोटोत खालची बाजू कॅमेऱ्याच्या जवळ असल्यामुळे मागची झोपायची खोली आहे त्याहून मोठी दिसते.

आधी दिशा. नकाशात वर रस्ता दाखवला आहे आणि तिथे 'पूर्वक्के २० अडि रस्ते' असं लिहिलं आहे, म्हणजे पूर्वेला २० फुटी (६.१० मी.) रस्ता. म्हणून तुमच्या फोटोत वर पूर्व, खाली पश्चिम, डाव्या हाताला उत्तर आणि उजव्या हाताला दक्षिण. वरची बाजू म्हणजे उत्तर असं धरून वाचलं तर स्वयंपाकघर नैऋत्येला आल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात ते वायव्येला आहे.

'चक्कुबंदि' म्हणजे चतु:सीमा. पश्चिमेला आणि दक्षिणेला 'खालि निवेशन' (मोकळा प्लॉट), उत्तरेला 'मने' (घर). 'अडि' म्हणजे फूट, 'अंगुल' म्हणजे इंच, 'एत्तर' म्हणजे उंची, 'गोडे' म्हणजे भिंत.

प्लॉट आणि घराची बाहेरची मापं

प्लॉट पूर्व-पश्चिम ४०'-०" (१२.१९ मी.), दक्षिण-उत्तर ३०'-०" (९.१४ मी.). क्षेत्र १२०० चौ. फूट, म्हणजे १११.४८ चौ. मी. किंवा १.१० गुंठा. तुम्ही सोबत दिलेल्या पंचायतीच्या उताऱ्यावर ९.१४ × १२.१९ आहे, ते याच्याशी जुळतं.

घर बाहेरून ३२'-०" × २४'-०" (९.७५ × ७.३२ मी.). बांधीव क्षेत्र ७६८ चौ. फूट, म्हणजे ७१.३५ चौ. मी. नकाशाच्या कोपऱ्यात हाच आकडा हाताने लिहिला आहे. त्यातल्या ७ ला मधे आडवी रेघ असल्यामुळे तो ८६८ असा वाचला जातो. विकणाऱ्याने तुम्हाला पाठवलेल्या मजकुरातही ८६८ च आहे. ३२ ला २४ ने गुणलं की ७६८ येतात, दुसरं काही येत नाही. दर चौरस फुटावर ठरणार असेल तर १०० चौ. फुटांचा हा फरक आधी मिटवा. तो जवळजवळ पुढच्या झोपायच्या खोलीएवढा आहे.

खोल्या

सगळी मापं आतली आहेत, विटेपासून विटेपर्यंत. पहिलं माप पूर्व-पश्चिम, दुसरं दक्षिण-उत्तर.

| नकाशावरचं नाव | मराठीत | फूट-इंच | मीटर | चौ. फूट | चौ. मी. |
|---|---|---|---|---|---|
| पडसाले | पडवी | ५'-०" × ११'-९" | १.५२ × ३.५८ | ५८.७५ | ५.४६ |
| नडुमने | हॉल | १४'-४½" × ११'-९" | ४.३८ × ३.५८ | १६८.९१ | १५.६९ |
| अडुगे मने | स्वयंपाकघर | १०'-०" × ७'-४½" | ३.०५ × २.२५ | ७३.७५ | ६.८५ |
| देवर मने | देवघर | ४'-०" × ४'-०" | १.२२ × १.२२ | १६.०० | १.४९ |
| दारि | बोळ | ५'-७½" × ४'-०" | १.७१ × १.२२ | २२.५० | २.०९ |
| मलगुव कोणे (पूर्व) | पुढची झोपायची खोली | ११'-०" × १०'-०" | ३.३५ × ३.०५ | ११०.०० | १०.२२ |
| मलगुव कोणे (पश्चिम) | मागची झोपायची खोली | १२'-०" × १०'-०" | ३.६६ × ३.०५ | १२०.०० | ११.१५ |
| बच्चलु मने | न्हाणीघर | ६'-९" × ५'-६" | २.०६ × १.६८ | ३७.१३ | ३.४५ |
| उग्राण | कोठीची खोली | ६'-९" × ४'-१½" | २.०६ × १.२६ | २७.८४ | २.५९ |

आतलं क्षेत्र एकूण ६३४.८८ चौ. फूट (५८.९८ चौ. मी.). पडवी सोडली तर ५७६.१३ चौ. फूट (५३.५२ चौ. मी.). बांधीव ७६८ आणि हे ६३५ यांतला १३३ चौ. फुटांचा फरक भिंतींनी घेतला आहे.

'नडुमने' या शब्दाचा सरळ अर्थ मधलं घर, म्हणजे आपलं माजघर. या घरात पडवीतून थेट त्यातच शिरायचं आहे आणि पाहुण्यांना बसायला दुसरी जागा नाही, म्हणून आम्ही 'हॉल' लिहिलं आहे. 'उग्राण' ही धान्य-सामान ठेवायची खोली आहे. तिला बाहेरची भिंत नाही, म्हणून खिडकीही नाही. जाहिरातीत तीन खोल्या म्हणून तिला मोजलं असेल तर ते मान्य करू नका. देवघराचं तोंड बोळाकडे, पूर्वेला आहे. न्हाणीघराचं दार फक्त मागच्या खोलीत उघडतं, हॉलमधून तिथे जाता येत नाही.

भिंती: बाहेरच्या आणि मधली पूर्व-पश्चिम लांब भिंत ९" (२३ सेंमी), पडवी आणि हॉल यांमधलीही ९". बाकीच्या आतल्या ४½" (११.५ सेंमी). गिलावा झाल्यावर दोन्ही बाजूंचा मिळून साधारण एक इंच खोलीतून कमी होतो. १०'-०" ची खोली टेपने ९'-११" भरली तर ती फसवणूक नाही. कपाट किंवा ओटा बनवून घेताना मात्र नकाशावरचं माप सुताराला देऊ नका, गिलाव्यानंतरचं द्या.

खिडक्यांवरची तुटक रेघ हा सज्जा आहे, भिंत नव्हे. दारं: मुख्य ३'-६" × ७'-०" (१.०७ × २.१३ मी.), खोल्यांची ३'-०" × ७'-०" (०.९१ × २.१३ मी.), न्हाणीघराचं २'-६" × ६'-९" (०.७६ × २.०६ मी.). खिडक्या ४'-०" × ४'-०" (१.२२ × १.२२ मी.). छताची उंची १०'-०" (३.०५ मी.).

पुढच्या अंगणात 'नीरिन तोट्टि', म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी: ६'-०" × ४'-०", खोली ५'-०". हे आतलं माप असेल तर काठोकाठ सुमारे ३,४०० लिटर पाणी मावतं. पुढची मोकळी जागा ५'-०" (१.५२ मी.) आहे. तिथे दुचाकी राहील, चारचाकी राहणार नाही.

पुसट आणि संशयाचे आकडे आम्ही कसे लावले

हॉलच्या लांबीवरून घडी गेली आहे. तिथे पहिला १ दिसतो, दुसरा आकडा गेला आहे, पुढे ४½" स्पष्ट आहे. तो ११, १४ किंवा १९ असू शकतो. उत्तरेच्या ओळीतली मापं भिंतींसकट जोडून पाहिली: ९" + ५'-०" + ९" + हॉल + ४½" + १०'-०" + ९" बरोबर ३२'-०" यायला हवेत. हॉल सोडून बेरीज १७'-७½" होते, म्हणून हॉल १४'-४½". यात शंका नाही.

न्हाणीघराची लांबी '६.९' अशी टिंब देऊन लिहिली आहे. याला दशांश समजून ६.९ ने गुणलं तर २.१० मीटर येतं, फूट-इंच म्हणून ६'-९" धरलं तर २.०६. दक्षिणेच्या ओळीत ९" + ११'-०" + ४½" + ६'-९" + ४½" + १२'-०" + ९" बरोबर ३२'-०" होतात, म्हणजे ते ६ फूट ९ इंचच आहे. अशी टिंबं आपल्याकडच्या हाताने काढलेल्या नकाशांत सर्रास सापडतात. त्यांचा खरा धोका '१०.११' सारख्या मापात असतो, कारण कॅल्क्युलेटर त्याला दहा फूट सव्वा इंच समजतो आणि लिहिणाऱ्याच्या मनात दहा फूट अकरा इंच असतात.

रुंदीचीही बेरीज केली: ९" + १०'-०" + ९" + ११'-९" + ९" = २४'-०". बरोबर. पुढची ५'-०", घर ३२'-०" आणि मागची ३'-०" (०.९१ मी.) मिळून ४०'-०" होतात, तेही बरोबर.

जे जुळत नाही

दक्षिण-उत्तर मोकळ्या जागा घेऊन प्लॉटची रुंदी जोडली की ६ इंच कमी पडतात. दक्षिणेला २'-६" (०.७६ मी.), घर २४'-०", उत्तरेला ३'-०" (०.९१ मी.): बेरीज २९'-६" (८.९९ मी.). प्लॉट मात्र ३०'-०" लिहिला आहे. आम्ही उत्तरेचं माप मनाने ३'-६" केलेलं नाही. नकाशात जे आहे तेच तर्जुम्यात ठेवलं आहे.

उत्तरेच्या पट्टीत बाहेरचा जिना ('मेट्टिलु') आहे आणि त्याच्या वळणाखाली 'शौचालय' ३'-०" × ४'-०" (०.९१ × १.२२ मी.). जिन्याची रुंदीही ३'-०". काढणाऱ्याने मोकळ्या जागेऐवजी जिन्याचीच रुंदी लिहिली असणं शक्य आहे. किंवा प्लॉटच प्रत्यक्षात सहा इंच अरुंद आहे. ४०' लांबीवर सहा इंच म्हणजे २० चौ. फूट (१.८६ चौ. मी.), आणि त्याला लागून शेजाऱ्याचं घर आहे.

हे कागदावर सुटणार नाही. बयाणा देण्याआधी स्टीलचा टेप घेऊन जागेवर जा. कापडी टेप ताणला जातो. हद्दीच्या दगडापासून दगडापर्यंत रस्त्याकडे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी रुंदी घ्या. मध्ये घर आडवं येतं, तिथे दक्षिणेची जागा, घराची बाहेरची रुंदी आणि उत्तरेची जागा वेगवेगळी मोजून बेरीज करा. गिलाव्यामुळे घराच्या बाहेरच्या रुंदीत इंचभर वाढ धरा. तिन्ही ठिकाणी ३०'-०" आले तर चूक फक्त नकाशात आहे आणि उत्तरेची जागा ३'-६" (१.०७ मी.) आहे. २९'-६" च्या आसपास आले तर उताराही चुकीचा आहे, आणि खरेदीपत्राआधी मोजणी करून घ्यावी लागेल. जिना आणि शौचालय मंजूर नकाशात आहेत का, हेही त्याच वेळी पंचायतीत पाहा. या कागदावर मंजुरीचा शिक्का दिसत नाही.