नऊशेचा फरक

संध्याकाळचे पावणेपाच वाजले होते. स्क्रीनवर कॅश ७,४३,६१० होती, ड्रॉवरमध्ये भरत होती ७,४२,७१०.

मेघनाने पाचशेच्या नोटा पुन्हा मोजल्या, आधी मशीनवर आणि मग हाताने. मशीन चिकटलेल्या दोन नोटा कधीकधी एकच मोजतं. शंभरच्या गड्डीत दोनशेची नोट शिरलीय का तेही पाहिलं. नऊशे कमीच.

फोन थरथरला. सागर होता.

"निघालीस? आई सूप घेऊन तुळशीपाशी बसलीय. पंचांगात सातपर्यंतच आवाहन आहे."

"कॅश जुळत नाहीये."

"मग चावी दे ना कुणाला तरी."

"अशी देता येत नाही रे. आधी कॅश जुळवायची, रजिस्टरला लिहायचं, दोघांनी सह्या करायच्या. आणि घ्यायला आहे कोण? पाटील मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत." ती थांबली. "तूच आण की गौर."

सागर हसला. तिने गंमत केली असं त्याला वाटलं.

मलकापुरातल्या त्या घरात लग्नानंतरची तिची ही पहिली गौर. रजेचा अर्ज तिने पंधरा दिवस आधीच दिला होता. "गौरी काय सगळ्यांच्याच घरी असतात," असं म्हणत साहेबांनी तो परत केला. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बँकेत काय, तुझ्याजागी दुसरं कुणी बसेल." दोघांचंही आपापल्या जागी बरोबरच होतं, पंचाईत होती ती हीच.

साडेपाच. वेणी आणि ओटीच्या सामानासाठी पर्समध्ये हजार रुपये होते. त्यातले नऊशे ड्रॉवरमध्ये टाकले तर पाच मिनिटांत तिजोरी बंद, सहाला घरी. असं करणारे होतेच. तिने नोटा बाहेर काढल्याही. पण पैसे खरंच कुणाला जास्त गेले असतील तर ते कमी म्हणूनच दाखवावे लागतात. आणि चूक नोंदीत असेल तर ती कुणाच्या तरी खात्यात तशीच राहणार, उद्या वर येणार.

नऊशे. नवाने भाग जातो.

फरकाला नवाने भाग गेला की आधी उलटे पडलेले आकडे शोधायचे, हे तिला ट्रेनिंगला शिकवलं होतं. तिने नोटा पर्समध्ये ठेवल्या, पैसे काढायच्या स्लिपांचा गठ्ठा ओढला आणि एकेक स्लिप स्क्रीनवरच्या नोंदीशी ताडून पाहू लागली. एकशे बारा स्लिपा. शिंदेमामांनी न विचारताच चहा ठेवला. सत्त्याऐंशीव्या स्लिपवर ५,४०० होते, मागे तिच्याच अक्षरात पाचशेच्या दहा आणि दोनशेच्या दोन. नोंद मात्र ४,५०० ची. दुपारी एकची वेळ. तेव्हाच सासूबाईंचा फोन आला होता, शेपूच्या किती जुड्या आणायच्या म्हणून.

नोंद उलटवायला आणि नवी मंजूर करायला साहेब लागत होते, आणि साहेब रीजनल ऑफिसच्या फोनवर. सहा पंचवीसला ते आले. दोघांनी दोन चाव्या फिरवल्या, रजिस्टरवर सह्या केल्या. आपली चावी तिने कमरेला खोचली आणि स्कूटर काढली.

घरी पोचली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं उमटली होती. आरासात एकच मुखवटा. दुसरा तुळशीपाशी, सुपातल्या तांदळांवर, वर रुमाल.

"थोरलीला मी आत घेतलं," सासूबाई गुडघा चोळत म्हणाल्या. "धाकटीला तूच आणायचीस, असं ठरलं होतं."

"मुहूर्त टळला की हो," शेजारच्या काकू पुटपुटल्या.

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "पाय धू आधी. हातसुद्धा, नोटांचा वास येतोय."

मेघनाने सूप उचललं. पुतणीने ताटावर चमचा वाजवायला घेतला. रीतीप्रमाणे धाकटीला घर दाखवत त्या फिरल्या. चुलीपाशी, धान्याच्या कोठीपाशी सासूबाई विचारत गेल्या, "इथं काय आहे?" आणि मेघना म्हणत गेली, "उदंड आहे."

शेवटी लोखंडी कपाट.

"इथं काय आहे?"

मेघना वाकली तशी चावी कमरेत रुतली. उत्तराला क्षणभर उशीर झाला. "उदंड आहे," ती म्हणाली.

रात्री शेपूची भाजी-भाकरी खाऊन झाल्यावर सासूबाई चण्याची डाळ निवडायला बसल्या. दीड किलो. उद्या पूजनाला चौदा पानं होती.

"उद्या किती वाजता जायचंय?"

"साडेनऊला शाखेत हवं. माझ्या चावीशिवाय तिजोरी उघडत नाही."

सासूबाईंनी डाळीतला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"मग तीनला ऊठ. पुरण गरम असतानाच वाटावं लागतं."