संशोधन-निवेदन : बालरोग विभाग, निवासी डॉक्टरपदासाठी अर्ज

एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षी मी नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरात, सिकलसेलग्रस्त मुलांच्या ३४ पालकांशी बोलून हायड्रॉक्सीयुरियाचे उपचार मध्येच का थांबतात याची नोंद केली. हा अभ्यास लहान होता, त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यातून कारण सिद्ध झाले असा माझा दावा नाही.

औषध चालू असताना रक्तपेशींची तपासणी ठरावीक अंतराने करावी लागते, कारण पांढऱ्या पेशी घटू शकतात. परंतु ऊसतोडीसाठी कुटुंब गुजरातेत गेले की ती तपासणी चुकते आणि औषधही संपते. एका आईने रिकाम्या पाकिटांचे तुकडे पदराच्या गाठीतून काढून दाखवले. ‘गोळ्या नियमित दिल्या का?’ या माझ्या प्रश्नाचा रोख तिला हिशेब मागण्याचा वाटला होता. माझी प्रश्नावली मराठीत होती आणि घरची भाषा पावरी, ही चूक मला दहाव्या मुलाखतीनंतर उमगली. त्यानंतर आशाताईंच्या मदतीने प्रश्न पुन्हा बेतले; आधीची दहा उत्तरे मी विश्लेषणातून वगळली, आणि हा निर्णय अहवालात स्पष्ट लिहिला.

निवासी काळात मला स्थलांतराच्या तारखा आधी विचारून औषध व तपासणीची आखणी केल्यास उपचारातील खंड घटतो का, हे तुलनात्मक पद्धतीने, आचारसमितीच्या मान्यतेने तपासायचे आहे.