“पान किती तास ओलं होतं, ते आधी सांगा”: चित्रातलं वाक्य आणि त्याची अट

“तुमच्या बागेतलं पान रात्री किती तास ओलं होतं, ते सकाळी मला सांगा. मग कुठलं औषध ते विचारा.”

हे वाक्य पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष चर्चासत्रातलं, पीकसंरक्षणाच्या सत्रातलं. ज्या वनस्पती रोगशास्त्रज्ञ मॅडमनी ते उच्चारलं, त्यांचं नाव आणि पद सोबतच्या चित्रावर आहे. भाषणाच्या व्हिडिओत १८:४० ला ऐकायला मिळेल. शब्द जसेच्या तसे घेतलेत.

मात्र चित्राच्या चौकटीत न मावलेली अट १८:५५ ला आहे, आणि ती सोडली तर वाक्य घातक ठरेल: “हे मी पोंग्यापासून मणी सेट होईपर्यंतचं बोलतेय. पाऊस सुरू असेल किंवा आत्ताच उघडला असेल, तर तास मोजत बसू नका.” चित्र पुढे पाठवाल तेव्हा ही ओळही सोबत पाठवा.

इथून पुढचा तपशील भाषणातला असला तरी शब्द आमचे आहेत. ते मॅडमच्या नावावर खपवू नका.

मुद्दा डाउनीचा, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाचा आहे. पानाच्या खालची पांढरी बुरशी रात्री धरते. त्यासाठी ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता, किमान ४ तास अंधार आणि १३ अंशांपेक्षा जास्त तापमान लागतं. तिचे बीजाणू पानात शिरतात ते खालच्या बाजूच्या रंध्रांतून, आणि तेवढ्यासाठी पानावर पाणी हवं. २० ते २५ अंशांत २-३ तासांचा ओलावा पुरतो. म्हणून निफाड-दिंडोरीकडे आभाळ स्वच्छ असूनही दवाने काम होऊन जातं. तेलकट डाग दिसतो तो साधारण ४ ते ७ दिवसांनी, त्यामुळे आज डाग दिसला तर काल रात्रीचं दव दोषी नसतं; वही मागे उलटावी लागते. हे ओलाव्याचे तास रोज लिहिलेले नसतील तर मग अंदाजच.

मोजायचं कसं? ओलावा मोजणारा सेन्सर असेल तर तो वेलीच्या आत, पानांच्या उंचीवर हवा. बांधावरच्या खांबावर लावला की वारा त्याला लवकर सुकवतो आणि बाग कोरडी असल्याचा भास होतो. सेन्सर नसेल तर बागेच्या दाट, सावलीच्या ओळीत सकाळी तासातासाने पानं उलटून पाहा आणि शेवटचं पान किती वाजता सुकलं ते लिहा. कडेच्या ओळीवरून ठरवू नका, तिथे ऊन आधी पोहोचतं.

डाग डाउनीचाच की दुसरा, याची खातरजमा २४:१० ला दाखवली आहे. डागाचं पान थोडं ओलं करून पॉलिथिन पिशवीत घाला, तोंड बांधा आणि रात्रभर घरात अंधारात ठेवा. सकाळी डागाच्या मागे पांढरा कापूस उगवला असेल तर डाउनी. काहीच उगवलं नाही तर औषधाचे पैसे घालण्याआधी पुन्हा विचार करा. एवढी स्वस्त चाचणी असून फार कमी जण करतात.

फवारणी वाया जाते ती बहुतेक वेळा तीन जागी. पहिली, पानाच्या फक्त वरच्या बाजूला औषध बसतं. नोझल खालून वर मारणारी हवी आणि बगलफुटी काढलेल्या हव्यात. दुसरी, पांढरी बुरशी दिसल्यावर आंतरप्रवाही औषधाचा मारा. तोवर उशीर झालेला असतो आणि बुरशीला प्रतिकारशक्ती मिळायला मदत होते. तिसरी, ब्रँड बदलला पण गट तोच राहिला. औषधाचा गट सांगणारा डब्यावरचा FRAC क्रमांक वाचा. लागोपाठ दोन फवारण्यांत तोच क्रमांक नको, आणि आंतरप्रवाही औषधाला मॅन्कोझेबसारख्या स्पर्शजन्य औषधाची जोड हवी. मात्रा लेबलवरचीच. निर्यातीची बाग असेल तर अ‍ॅनेक्श्चर ५ ची, म्हणजे निर्यातीच्या बागेत चालणाऱ्या औषधांची यादी आणि पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यातलं अंतर, आधी पाहा, फवारा नंतर.

घडांचा भाग मुद्दाम इथे दिलेला नाही. फुलोऱ्यातल्या घडावरची डाउनी आणि मण्याच्या देठावरची, यातला फरक छायाचित्रांसकट २७:३० पासून आहे, आणि तो लिहून कळण्यासारखा नाही. प्रश्नोत्तरं ३३:०० पासून. त्यातला डिपिंगच्या दिवशी पाऊस आला तर काय करायचं, हा प्रश्न चुकवू नका.

पूर्ण भाषण ४२ मिनिटांचं, मराठीत, आमच्या यूट्यूब वाहिनीवर ‘पीकसंरक्षण’ या प्लेलिस्टमधला तिसरा व्हिडिओ. प्रश्न विचारताना छाटणीची तारीख, वाण आणि मागच्या दोन फवारण्यांचे FRAC क्रमांक लिहा.

#द्राक्ष #डाउनी #ऑक्टोबरछाटणी #नाशिक