मागणी व पुरवठा वक्रांचे स्थानांतर: नाशिक जिल्ह्यातील कांदा बाजाराच्या आधारे विवेचन

(प्रथम वर्ष कला, सूक्ष्म अर्थशास्त्र, पहिले सत्र)

डिसेंबर 2019 मध्ये देशातील अनेक शहरांत कांद्याचा किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला होता, आणि विशेष म्हणजे त्या वेळी कांद्याच्या निर्यातीवर बंदी होती. निर्यातबंदीने भाव उतरतात असे आपण ऐकतो, मग बंदी असताना तो चढला कसा, हा प्रश्न मागणी व पुरवठा वक्रांचे स्थानांतर समजून घेतल्याशिवाय सुटत नाही. म्हणून प्रस्तुत निबंधात याच बाजाराचे उदाहरण घेतले आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. इतर परिस्थिती कायम असताना केवळ किंमत बदलल्यामुळे मागणी कमी-जास्त झाली, तर ग्राहक त्याच मागणी वक्रावर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जातो. यास मागणीचा विस्तार किंवा संकोच म्हणतात. परंतु उत्पन्न, पर्यायी वस्तूंच्या किमती, आवडीनिवडी, ग्राहकांची संख्या किंवा सरकारी धोरण बदलले, तर प्रत्येक किमतीला मागितली जाणारी नगसंख्याच बदलते आणि संपूर्ण वक्र उजवीकडे किंवा डावीकडे सरकतो. पुरवठ्यालाही हाच नियम लागू पडतो. तेथे हवामान, उत्पादन खर्च, तंत्रज्ञान आणि भावी किमतीविषयीचे अंदाज हे घटक वक्र सरकवतात. ‘भाव वाढला म्हणून मागणी घटली, म्हणून मागणी वक्र डावीकडे सरकला’ हे विधान त्यामुळे चुकीचे ठरते, कारण भाववाढीमुळे होणारी घट ही त्याच वक्रावरील हालचाल आहे.

आता कांद्याकडे वळू. महाराष्ट्रात कांद्याची पिके साधारणतः तीन हंगामांत निघतात: पावसाळी लाल कांदा, त्यामागून येणारा रांगडा आणि मार्च-एप्रिलपासून निघणारा उन्हाळ कांदा. यांपैकी उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत काही महिने टिकतो, लाल कांदा मात्र फार दिवस ठेवता येत नाही. परिणामी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाजार चाळीतल्या उरलेल्या साठ्यावर चालतो आणि सगळ्यांचे डोळे नव्या लाल कांद्याकडे लागलेले असतात. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झालेल्या अवकाळी पावसाने काढणीला आलेल्या याच पिकाचे मोठे नुकसान केले. शेतात पाणी साचून कांदा सडला आणि लासलगावसारख्या बाजार समित्यांतील आवक घटली. ही घट भावामुळे झालेली नव्हती, म्हणून ती पुरवठा वक्राच्या डावीकडील स्थानांतराने दाखवावी लागते.

आकृती 1: पुरवठ्यातील घट

```
किंमत
|   म     प२    प१
|   \     /     /
|    \   /     /
|     \ /     /
|      *     /       ← ब
|     / \   /
|    /   \ /
|   /     *          ← अ
|  /     / \
| /     /   \
|      /     \
+-------------------- नगसंख्या
```

मूळ समतोल अ बिंदूत आहे. पुरवठा वक्र प१ वरून प२ कडे सरकल्यावर जुन्या किमतीला मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त होते, लिलावात व्यापारी चढी बोली लावू लागतात आणि किंमत ब बिंदूपर्यंत वाढते. येथे मागणी वक्र म जागचा हललेला नाही. अ पासून ब पर्यंतचा प्रवास हा त्याच वक्रावरील मागणीचा संकोच आहे. प्रत्यक्षात कांद्याची मागणी बरीच अलवचीक असते, कारण रोजच्या स्वयंपाकात त्याला सोयीचा पर्याय नाही. त्यामुळे खरा मागणी वक्र आकृतीतल्यापेक्षा अधिक उभा काढावा लागेल, आणि वक्र जितका उभा तितकी तेवढ्याच तुटीमुळे होणारी भाववाढ मोठी.

याच काळात मागणीच्या बाजूनेही बदल झाला. 13 सप्टेंबर 2019 रोजी केंद्र सरकारने कांद्यासाठी टनाला 850 डॉलर ही किमान निर्यात किंमत ठरवली आणि 29 सप्टेंबरला निर्यातीवर बंदी घातली. बाजार समितीच्या लिलावात देशांतर्गत विक्रीसाठी घेणारे आणि निर्यातीसाठी घेणारे असे दोन्ही व्यापारी बोली लावतात. या दोघांची बेरीज म्हणजे तेथील एकूण मागणी. बंदीमुळे दुसरा गट बाजारातून निघून गेला, म्हणजेच प्रत्येक किमतीला खरेदी होणारा माल कमी झाला.

आकृती 2: मागणीतील घट

```
किंमत
| म२    म१      प
| \     \       /
|  \     \     /
|   \     \   /
|    \     \ /
|     \     *        ← अ
|      \   / \
|       \ /   \
|        *     \     ← क
|       / \     \
|      /   \     \
+-------------------- नगसंख्या
```

येथे मागणी वक्र म१ वरून म२ कडे सरकतो, तर पुरवठा वक्र प स्थिर आहे. समतोल अ वरून क वर येतो; किंमत आणि नगसंख्या दोन्ही घटतात.

दोन्ही आकृत्या एकत्र वाचल्या म्हणजे प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दोन्ही स्थानांतरे डावीकडे असल्याने समतोल नगसंख्या घटणार हे निश्चित होते. किमतीबाबत मात्र ती परस्परविरोधी होती: पुरवठ्यातील घट किंमत वर ढकलत होती, मागणीतील घट खाली ओढत होती. अंतिम निकाल कोणते स्थानांतर मोठे यावर अवलंबून असतो, आणि भाव चढतच गेला यावरून पावसाने केलेले स्थानांतर अधिक मोठे होते असा निष्कर्ष निघतो. बंदी निष्प्रभ ठरली असे यातून सिद्ध होत नाही. बंदी नसती तर भाव कदाचित याहूनही चढला असता. या ‘नसती तर’चा भार शेतकऱ्याने उचलला, कारण पावसातून वाचलेल्या थोड्या मालाला बाहेर मिळू शकणारा दर त्याच्यासाठी बंद झाला होता. आकृतीत हे नुकसान दिसत नाही, तरी विश्लेषणात त्याची नोंद व्हायला हवी असे मला वाटते. नवीन पीक बाजारात येऊ लागल्यावर, 15 मार्च 2020 पासून, निर्यात पुन्हा खुली झाली.

2023 चे उदाहरण याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी 19 ऑगस्टला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले, ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात किंमत आली आणि 8 डिसेंबरला पूर्ण बंदी झाली. यावेळी मागणी वक्र डावीकडे सरकला तेव्हा लाल कांद्याची आवक वाढत होती, म्हणजे पुरवठा वक्र उजवीकडे जात होता. दोन्ही स्थानांतरे किंमत खालीच नेणारी असल्याने भाव झपाट्याने कोसळले, नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले आणि चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग रोखून धरला. येथे किमतीची दिशा निश्चित आहे, परंतु नगसंख्या वाढली की घटली हे आकृतीवरून सांगता येत नाही. त्यासाठी आवकेचे आकडे तपासावे लागतात. नेमकी उलट स्थिती 2019 मध्ये होती.

4 मे 2024 रोजी बंदी उठली, परंतु टनाला 550 डॉलर किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के शुल्क या अटी त्या वेळी घालण्यात आल्या. आकृती 2 मध्ये हे दाखवायचे झाल्यास मागणी वक्र म२ पासून पुन्हा उजवीकडे सरकवावा लागेल, पण म१ पर्यंत न नेता त्याच्या अलीकडेच थांबवावा लागेल.