क्रेडिट रिस्क योजनेत पैसे गुंतवण्यापूर्वी वाचावयाचे जोखीम निवेदन

हे निवेदन आमच्या मुक्त मुदतीच्या क्रेडिट रिस्क योजनेत किमान ₹5,000 गुंतवू इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. ‘म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते’ हे वाक्य आपण टीव्हीवर अनेकदा ऐकले असेल. त्याचा सरळ अर्थ असा की आपण भरलेली रक्कम कमी होऊ शकते आणि ती भरून देण्याची जबाबदारी आमच्यावर, वितरकावर किंवा सरकारवर नसते. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ₹5 लाखांपर्यंत विमा असतो. या योजनेला तसा कोणताही विमा नाही. त्यामुळे ‘एफडीपेक्षा थोडे जास्त व्याज देणारी ठेव’ असे सांगून कोणी ही योजना सुचवली, तर ते वर्णन चुकीचे आहे. येथे व्याज ठरलेले नसते आणि मुद्दलही सुरक्षित नसते.

आपले पैसे आम्ही कंपन्यांना कर्ज म्हणून देतो, म्हणजे त्यांचे रोखे विकत घेतो. सेबीच्या नियमानुसार या प्रकारच्या योजनेला किमान 65% रक्कम एए किंवा त्याखालील पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा, असलेल्या रोख्यांत गुंतवावी लागते. अशा कंपन्या जास्त व्याज देतात, कारण त्यांच्याकडून पैसे परत न येण्याची शक्यताही जास्त असते. चांगले मानांकन हीसुद्धा हमी नव्हे. 2018 मध्ये आयएल अँड एफएस या समूहाचे उच्च मानांकन काही आठवड्यांतच थकबाकीदार श्रेणीपर्यंत घसरले होते.

कर्ज बुडाले तर आपले काय होते, हे आकड्यांत पाहू. समजा, एनएव्ही, म्हणजे योजनेच्या एका युनिटची किंमत, ₹20 असताना आपण ₹1,00,000 भरले आणि आपल्याला 5,000 युनिट मिळाले. योजनेतील 4% रक्कम ज्या कंपनीत आहे, ती हप्ता चुकवते आणि तिच्या रोख्यांची किंमत मूळच्या एक चतुर्थांश धरावी लागते. त्याच दिवशी एनएव्ही ₹19.40 होते आणि आपले ₹97,000 उरतात. काहीच वसूल झाले नाही, तर ₹96,000 उरतात. एकाच वेळी दोन-तीन कंपन्या अडचणीत आल्या, तर कित्येक महिन्यांची कमाई एका दिवसात जाऊन मुद्दलालाही हात लागू शकतो.

अशा वेळी आम्ही बुडीत रोखे वेगळे काढून त्यांचे स्वतंत्र युनिट आपल्या नावावर करू शकतो. हे वेगळे युनिट आपल्याला आमच्याकडे परत करून पैसे घेता येत नाहीत. त्यांची नोंद शेअर बाजारात होते, पण तेथे खरेदीदार मिळेलच असे नाही. कंपनीकडून वसुली होईल तेव्हा आणि होईल तेवढीच रक्कम मिळते. त्यासाठी काही वर्षे लागू शकतात.

पैसे हवे त्या दिवशी हाती येतील, असेही गृहीत धरू नये, आणि आमच्या मते हीच गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते. कमी मानांकनाच्या रोख्यांना घबराटीच्या काळात गिऱ्हाईक मिळत नाही. बाजार गंभीर अडचणीत असेल, तर 90 दिवसांच्या कोणत्याही कालावधीत जास्तीत जास्त 10 कामकाजाच्या दिवसांपर्यंत पैसे काढण्यावर मर्यादा घालता येते. ₹2 लाखांपर्यंतच्या मागणीला ही मर्यादा लागू होत नाही. मात्र योजनाच गुंडाळावी लागली, तर ही सवलतही राहत नाही. एप्रिल 2020 मध्ये एका फंड घराण्याने सहा कर्जरोखे योजना एकाच वेळी बंद केल्या आणि गुंतवणूकदारांना आपले पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले. मुलीच्या लग्नाचे, दवाखान्याचे किंवा घराच्या हप्त्याचे पैसे म्हणूनच येथे ठेवू नयेत.

बाजारातील व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते. या योजनेची सुधारित सरासरी मुदत सध्या 2.5 वर्षे आहे, म्हणजे दर 1% वाढल्यास एनएव्ही सुमारे 2.5% घसरू शकते.

‘आयडीसीडब्ल्यू’ हा अधूनमधून रक्कम वाटणारा पर्याय निवडल्यास मिळणारी रक्कम व्याज नसते. ती योजनेच्या मालमत्तेतूनच दिली जाते, तिच्यात आपल्याच भांडवलाचा भाग असू शकतो आणि वाटपानंतर एनएव्ही तेवढ्याने उतरते. ती दरमहा मिळेलच असे नाही.

12 महिन्यांच्या आत पैसे काढल्यास 1% निर्गमन शुल्क कापले जाईल. योजनेचा वार्षिक खर्च एनएव्हीतून रोज वजा होतो, योजना तोट्यात असली तरीही.

जोखीममापकावर या योजनेची पातळी सध्या ‘उच्च’ आहे. सहा पातळ्यांपैकी ही पाचवी होय. ती दर महिन्याला तपासली जाते व बदलू शकते.

वितरकाने तोंडी दिलेले कोणतेही आश्वासन आमच्यावर बंधनकारक नाही, म्हणून परताव्याचा आकडा सांगितला गेल्यास तो लेखी मागावा. तक्रारीचे आमच्याकडून निवारण न झाल्यास ती सेबीच्या ‘स्कोअर्स’ या संकेतस्थळावर नोंदवता येते. हा मजकूर आपल्याला समजावा यासाठी मराठीत दिला आहे. कायद्याने ग्राह्य दस्तऐवज इंग्रजी आहे. एखादे वाक्य कळले नाही, तर अर्जावर सही करण्यापूर्वी आमच्या शाखेत ते मराठीतून समजावून घेण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि त्यासाठी कोणतेही शुल्क नाही.