उशिरा येणे, हाफ डे आणि हजेरी दुरुस्ती : कारखान्याचे धोरण

लागू : १ एप्रिल २०२६ पासून
कोणाला : भोसरी एमआयडीसीतल्या आपल्या कारखान्याचे सर्व कायम कामगार, प्रशिक्षणार्थी, ऑफिस स्टाफ आणि ठेकेदारामार्फत येणारे कामगार
यापूर्वीची लेट मार्कविषयीची सर्व परिपत्रके आणि तोंडी प्रथा या तारखेपासून रद्द.

आधी पैशाचे

आजवर आपल्याकडे 'तीन लेट मार्क म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार गेला' अशी प्रथा होती. ती बंद केली आहे, आणि का ते सगळ्यांना कळायला हवे. पगार कापायचा तर जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता तेवढ्याच वेळेचा, हा दंडक १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात होता आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तो आहे. महिना २०,८०० रुपये पगार असलेल्या कामगाराचा २६ दिवसांच्या हिशोबाने रोज पडतो ८०० रुपये, तासाला १०० रुपये. तो तीन दिवस पंधरा-पंधरा मिनिटे उशिरा आला तर बुडालेला वेळ ४५ मिनिटे, म्हणजे ७५ रुपये. आपण कापत होतो ४००. हे चूक होते.

म्हणून या पुढच्या प्रत्येक नियमाचा पाया एकच : उशिराबद्दल पगारातून बुडालेल्या मिनिटांपलीकडे एक रुपयाही जाणार नाही. शिस्तीसाठी जे करायचे ते सीएलच्या खात्यात किंवा मेमोने होईल. पीएलला हात लागणार नाही. पीएल कायद्याने कमावलेली रजा आहे, सीएल कंपनीने आपल्या खुशीने दिलेली आहे, हा फरक टाइम ऑफिसने लक्षात ठेवावा.

वेळा आणि सवलत

फर्स्ट शिफ्ट ७.०० ते ३.३०, सेकंड ३.३० ते १२.००, थर्ड रात्री १२.०० ते सकाळी ७.००, जनरल ९.०० ते ५.३०. जेवणाची सुट्टी अर्धा तास. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी.

जनरलला दहा मिनिटे, शिफ्टला पाच मिनिटे सवलत. म्हणजे ९.१० किंवा ७.०५ पर्यंतचा पंच वेळेवर धरला जाईल, एकही मिनिट कापले जाणार नाही. शिफ्टला कमी सवलत का, हा प्रश्न युनियनच्या बैठकीत आला होता. ऑफिसमधला माणूस दहा मिनिटे उशिरा आला तर त्याचे टेबल वाट पाहते. सीएनसीवरचा उशिरा आला तर आधीच्या शिफ्टचा माणूस आठ तास उभा राहून मशीनपाशी त्याची वाट पाहत असतो, आणि त्याची बस निघून जाते. रिलीव्हर आला नाही म्हणून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबवले, तर थांबलेला सगळा वेळ दुप्पट दराने ओटी लागेल. 'थांब जरा, येईलच तो' असे म्हणून फुकट थांबवून घेणे बंद.

सवलत म्हणजे कामाची नवी वेळ नव्हे. महिन्यात दहापेक्षा जास्त दिवस सवलतीत पंच झाला तर काहीही कापले जाणार नाही, पण सुपरवायझर बोलावून कारण विचारील. बहुतेक वेळा बसची वेळ किंवा मुलांची शाळा निघते, आणि शिफ्ट बदलून प्रश्न सुटतो.

लेट मार्क

सवलत संपल्यापासून कामाच्या वेळेपुढे एक तासापर्यंत, म्हणजे जनरलला ९.११ ते १०.००, फर्स्टला ७.०६ ते ८.००, लेट मार्क पडेल.

महिन्यातले पहिले तीन लेट मार्क माफ. मिनिटेही कापायची नाहीत. चौथ्याला अर्धी सीएल जाईल, पुन्हा सातव्याला अर्धी, दहाव्याला अर्धी. मधल्या लेट मार्कांना, म्हणजे पाचव्या, सहाव्या वगैरेंना, फक्त त्या दिवसाची मिनिटे कापली जातील. सीएल शिल्लक नसेल तर चौथ्या-सातव्यालाही नुसती मिनिटेच. महिना संपला की पाटी कोरी, मागचे पुढे नेले जाणार नाही.

लागोपाठ तीन महिने सहापेक्षा जास्त लेट मार्क पडले तर मेमो निघेल. पण मेमोआधी त्या माणसाला समोर बसवून त्याचे म्हणणे लिहून घेतलेच पाहिजे. ते लिहिलेले नसेल तर मेमो टाइम ऑफिस परत पाठवील.

हाफ डे

एक तासापेक्षा जास्त उशीर झाला तर तो लेट मार्क राहत नाही, हाफ डेचा विषय होतो. इथे निवड कामगाराची आहे : अर्धी रजा टाकायची, किंवा बुडाला तेवढ्या वेळेचा पगार सोडायचा. सकाळी १०.२० ला आलेल्या माणसाने ८० मिनिटांसाठी अर्धी सीएल घालवायची की नाही हे त्याचे त्याने ठरवावे. त्याच दिवशी सांगितले नाही तर मिनिटे कापली जातील.

आधी ठरवून घेतलेल्या हाफ डेला चार तास काम पूर्ण हवे. जनरलला पहिला अर्धा ९ ते १, दुसरा १.३० ते ५.३०. फर्स्टला ७ ते ११ आणि ११.३० ते ३.३०. संध्याकाळी लवकर जायचे असेल तर गेटपास. गेटपासवर महिन्यात दोनदा, एकेक तासापर्यंत, कपात नाही.

न कळवता दुसरा अर्धा दिवस सुरू झाल्यावर कोणी आले, तर काम देता येईल का हे सुपरवायझर बघेल. काम दिले तर तेवढ्या तासांचा पगार द्यायचाच. राबवून घेऊन चार तास भरले नाहीत म्हणून मस्टरवर 'गैरहजर' लिहिणे चालणार नाही. मागच्या दिवाळीत पॅकिंगला हे झाले होते.

हजेरी दुरुस्ती

पंच राहिला, मशीन बंद होते, बाहेर ड्यूटीवर होतो, शिफ्ट बदलली पण सिस्टिममध्ये बदलली नाही, या सगळ्यांसाठी हजेरी ॲपमध्ये दुरुस्तीचा अर्ज टाकायचा. स्मार्टफोन नसेल त्याने टाइम ऑफिसच्या खिडकीवर निळी चिठ्ठी भरावी, दोन्हींची किंमत सारखीच. मुदत तीन कामाचे दिवस. सुपरवायझरने पुढच्या दोन कामाच्या दिवसांत हो किंवा नाही करायचे. 'नाही' असेल तर कारण लिहायचे, नुसते 'रिजेक्ट' नको. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर अर्ज आपोआप विभागप्रमुखाकडे जाईल. सुपरवायझर रजेवर होता म्हणून कोणाचा दिवस बुडणार नाही.

राहिलेल्या पंचाची खात्री प्रॉडक्शन शीटवरून करावी. माणसाने ११० जॉब काढल्याची सही शीटवर आहे आणि मशीन म्हणते तो आलाच नाही, तर खरे कोण हे उघड आहे. महिन्यात दोन दुरुस्त्या सुपरवायझरच्या सहीवर, तिसरीपासून एचआर गेटचे चित्रण पाहील. ते चित्रण १५ दिवसच राहते, म्हणून मुदत पाळावी.

ग्राइंडिंग, फेटलिंग आणि प्लेटिंगच्या लोकांचे ठसे मशीन घेत नाही, हा त्यांचा दोष नाही. बोटे झिजलेली असतात, कूलंटने सुरकुतलेली असतात. या तिन्ही विभागांना १ एप्रिलपासून कार्ड मिळेल. त्यांच्या ठशाच्या तक्रारी वरच्या दोनच्या हिशोबात धरू नयेत.

पगाराचा हिशोब २५ तारखेला बंद होतो. त्यानंतर मंजूर झालेली दुरुस्ती पुढच्या महिन्यात फरक म्हणून मिळेल, आणि पगारपत्रकावर ती वेगळ्या ओळीत दिसेल.

दुसऱ्याचे कार्ड पंच करणे हे या धोरणात बसत नाही. ते गैरवर्तन आहे आणि त्याची चौकशी स्थायी आदेशांप्रमाणे होईल, कार्ड देणाऱ्याची आणि पंच करणाऱ्याची दोघांचीही.

खरी अडचण

अडचणीच्या दिवसाचा लेट मार्क मोजला जाणार नाही आणि मिनिटेही कापली जाणार नाहीत. मंजुरी दोन तासांपर्यंत सुपरवायझर, अर्ध्या दिवसापर्यंत विभागप्रमुख, त्यापुढे प्लांट मॅनेजर. जमेल तेव्हा फोन किंवा मेसेज करावा. गाडीवर असताना करू नये, पोचल्यावर सांगितले तरी चालेल.

काही गोष्टींना अर्जच नको. कंपनीची बस उशिरा आली तर बसमधल्या सगळ्यांची वेळ टाइम ऑफिस आपण होऊन दुरुस्त करील. रात्री ११ नंतर ओटी संपली असेल तर जनरलच्या माणसाने दुसऱ्या दिवशी ११ पर्यंत यावे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला रोज दोन स्तनपान विश्रांती आहेतच. दोन्ही जोडून सकाळी उशिरा येण्यासाठी वापरायच्या असतील तर एकदाच लिहून द्यावे.

पालखीचा दिवस वेगळा. माउलींची पालखी आळंदीहून दिघी, विश्रांतवाडीवरून पुण्यात जाते आणि तुकोबांची आकुर्डीचा मुक्काम उठवून कासारवाडी, दापोडीवरून. दोन्हीकडचे रस्ते एकाच दिवशी बंद, आणि आपण मधोमध. त्या दिवशी जनरल शिफ्ट ११ ला सुरू होईल आणि शिफ्टला दोन तासांची सवलत राहील. वारीत चालायला जाणाऱ्यांनी रजा आठ दिवस आधी टाकावी, शक्यतो नाही म्हणणार नाही.

नदीला पूर, लोणावळा लोकल बंद, मोशीकडे हायवे जाम अशा सगळ्यांनाच गाठणाऱ्या अडचणीत प्लांट मॅनेजर ११ वाजेपर्यंत फळ्यावर आणि ग्रुपवर सवलत जाहीर करील. एकेकट्याने अर्ज करत बसू नये. पण रोजचा नाशिक फाट्याचा ट्रॅफिक ही अडचण नव्हे, तो सगळ्यांना पाठ आहे.

दवाखान्यासाठी दोन तासांपर्यंत कागद मागू नये. अर्ध्या दिवसाला केस पेपर किंवा औषधाचे बिल तीन दिवसांत दाखवावे. आजार कोणता हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. महिलांनी तब्येतीचे कारण एचआरमधल्या महिला अधिकाऱ्यांना सांगितले तरी पुरे, सुपरवायझरला फक्त 'मंजूर' एवढाच निरोप जाईल. घरात मयत असेल तर आधी जावे, कागद नंतर.

एकाच माणसाच्या महिन्यात चारपेक्षा जास्त अडचणी मंजूर झाल्या तर विभागप्रमुखाने त्याच्याशी बोलावे. बहुधा घरात कोणी आजारी असते. अशा वेळी तीन महिन्यांसाठी वेगळी वेळ ठरवून देता येते, तो अधिकार प्लांट मॅनेजरला आहे.

ठेकेदाराचे कामगार

गेटचा पंच एकच, नियमही तेच. ठेकेदाराने मिनिटांपेक्षा जास्त कापलेले दिसले तर त्याच्या बिलातून तेवढी रक्कम अडवून ठेवली जाईल. त्यांच्याकडे सीएल नसल्याने त्यांना फक्त मिनिटांची कपात लागू.

तक्रार

महिन्याच्या १ तारखेला प्रत्येकाला मागच्या महिन्याच्या हजेरीची प्रत मिळेल. चूक वाटली तर ४ तारखेपर्यंत टाइम ऑफिसला सांगावे, म्हणजे हिशोब २५ ला बंद झाला असला तरी ती ७ तारखेच्या पगारात दुरुस्त होईल. तिथे समाधान झाले नाही तर दर मंगळवारी दुपारी ४ वाजता कँटीनशेजारच्या खोलीत एचआर, युनियनचा एक प्रतिनिधी आणि विभागप्रमुख बसतात. तिथे थेट यावे, अर्ज लिहिण्याची गरज नाही.

मार्च महिन्यात पडलेले लेट मार्क जुन्या पद्धतीने मोजू नयेत. ज्यांचा फेब्रुवारीत अर्धा दिवस कापला गेला त्यांचा फरक एप्रिलच्या पगारात जमा होईल.

व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग