दुकानाच्या फोनवरची तयार उत्तरं: कोल्हापुरी चपला

दुपारी फोन ज्याच्या हातात असेल त्याच्यासाठी. गिऱ्हाइकाचं नाव दिसत असेल तर आधी ते लिहायचं, मग खालचं उत्तर चिकटवायचं. एवढ्यानंही माणसाला बरं वाटतं.

/माप: "माझा नंबर कोणता?"
नमस्कार! बुटाचा नंबर तसाच कोल्हापुरीला चालेल असं नाही, म्हणून एकदा पाऊल मोजूया. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल सरळ धरून खूण करा. दोन्ही पावलं मोजा आणि मोठ्या पावलाचं माप सेंटीमीटरमध्ये कळवा. पाऊल रुंद असेल तर कागदाचा फोटोही पाठवा, नंबर आम्ही सांगतो.

/घट्ट: "नवी चपल आवळते"
सुरुवातीचे काही दिवस पट्टा आवळतो, कातडं पायाचा आकार घेतं. पट्ट्याला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि घरातच अर्धा-अर्धा तास घाला. टाच मात्र मागे बाहेर येत असेल तर वापरू नका. तळ स्वच्छ असताना परत पाठवा, मोठा नंबर देतो.

(टाच बाहेर असताना "सैल होईल" असं कधीच सांगायचं नाही. पट्टा सैल होतो, तळ वाढत नाही.)

/कधी: "किती दिवसांत मिळेल?"
आज दुपारी 3 पर्यंत पैसे जमा झाले तर पार्सल आजच स्पीड पोस्टनं निघेल. पुणे-मुंबईला साधारण 3 दिवस, गावाकडे 5 ते 6 दिवस धरा. पावती मिळाली की ट्रॅकिंग नंबर लगेच पाठवते. लग्नासाठी हवी असेल तर तारीख सांगा. वेळेत पोचणार नसेल तर आधीच स्पष्ट सांगेन.

/उशीर: "अजून आलं नाही"
तुम्हाला वाट पाहावी लागली, माफ करा. पार्सल कुठे अडकलंय ते मी स्वतः बघते आणि आज संध्याकाळी 6 च्या आत कळवते.

(6 चा गजर लावूनच हे पाठवायचं. काही समजलं नसेल तरी 6 ला निरोप गेलाच पाहिजे.)

/संपलं
हा जोड सध्या संपलाय. हातानं शिवतात, त्यामुळे नवा यायला 10 ते 12 दिवस लागतील. तुमचा नंबर लिहून ठेवू? आगाऊ पैसे नकोत, तयार झाला की आधी तुम्हाला फोटो पाठवते.

/पाऊस: "पावसात चालेल का?"
नाही हो. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं आहे, भिजलं की फुगतं आणि शिवण सुटते. चुकून भिजलीच तर उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका, सावलीत वाऱ्यावर वाळवा. पावसाळ्यासाठीच हवी असेल तर सध्या थांबा. दसऱ्याच्या सुमाराला घ्या, तोवर नवे जोडही आलेले असतील.